आबाजींचा लाकडी बैल: दोघांपैकी खरा कोणता, आणि वस्तू काळात टिकते म्हणजे नेमकं काय होतं?

महालातली

काल तान्हा पोळा झाला. आमच्या घरात यंदा दोन लाकडी बैल सजले, आणि दोघांनाही "आबाजींचा बैल" म्हणणारे लोक एकाच अंगणात होते. हकीकत सांगते.

आबाजींनी १९५८ साली बाबांसाठी सागवानाचा बैल करून घेतला. खाली पाट, पाटाला चार चाकं, वर बैल. १९७४ च्या पोळ्यात तो पावसात भिजला, पाट तडकला, म्हणून पाट आणि चाकं नवीन बसवली. १९८९ मध्ये चारही पाय बदलले, कारण सांध्यात कीड लागली होती. २००३ मध्ये शिंगांसकट डोकं बदललं. २०११ मध्ये धडही पोकळ झालं म्हणून नवं घडवलं. दरवेळी सुतारानं त्याच मापाचं काम केलं, आणि एकही वर्ष असं गेलं नाही की तान्ह्या पोळ्याला बैल निघाला नाही. आधी बाबांनी ओढला, मग मी, आता माझा मुलगा ओढतो.

काकांनी मात्र काढलेला प्रत्येक तुकडा पेटीत जपून ठेवला होता. गेल्या वर्षी त्यांनी कीड मारून, भेगा भरून ते सगळे तुकडे जोडले. उभा राहिला की बैल! तोच पाट, तीच चाकं, पाय, डोकं, धड. काका म्हणतात, आबाजींनी ज्याला हात लावला तो हा. बाबा म्हणतात, पासष्ट वर्षं जो पोळ्यात फिरला तो आमचा.

मी तत्त्वज्ञानात एम.ए. केलेलं नाही, पण हा प्रश्न जुना आहे एवढं कळलं. वाचताना दोन पक्ष सापडले. एक म्हणतो, वस्तू प्रत्येक क्षणी अख्खी हजर असते आणि तशीच पुढे जाते. दुसरा म्हणतो, वस्तू जशी जागेत लांब-रुंद असते तशी काळातही लांब असते, आज समोर दिसतो तो तिचा फक्त आजचा भाग. दुसऱ्या पक्षाचे लोक सांगतात की त्यांच्याकडे हा पेच सुटतो. मला तो कसा सुटतो ते कळलं नाही. कुणी समजावून सांगेल का?

धंतोलीचा वकील

ताई, बैल आबाजींच्या नावे होता. त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर दोन्ही भावांचा हक्क सारखा. दुरुस्तीचा खर्च कोणी केला त्याच्या पावत्या आहेत का? काढलेले तुकडे काकांनी सर्वांच्या संमतीनं ठेवले की न विचारता, हेही बघावं लागेल.

महालातली

वकीलसाहेब, मालकीवरून भांडण नाही हो. दोघांना दोन्ही बैल एकमेकांच्या घरी चालतात. १९५८ चा तो बैल आज *कोणता आहे*, एवढाच प्रश्न आहे.

भौतिकवाला

याचं उत्तर १९०५ मध्येच मिळालंय. सापेक्षता सिद्धांतानुसार "आत्ता" हे सगळ्यांसाठी एकच नसतं. वेगवेगळ्या वेगानं जाणाऱ्या दोघांचे "आत्ता" वेगळे असतात. म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य सगळं सारखंच अस्तित्वात आहे, विश्व हा चार मितींचा एक ठोकळा आहे. बैलही त्या ठोकळ्यात पडलेली एक लांब आकृती आहे. ताईंचा पहिला पक्ष, म्हणजे तीन मितींचा, शास्त्रानंच बाद केलाय, त्यामुळे वाद संपला.

जुना प्राध्यापक

भौतिकवाला, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात बहुतेक सगळे घसरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला: १९५८ साल आजच्याइतकंच खरं आहे का? दुसरा: १९५८ मध्ये बैल अख्खा होता की बैलाचा १९५८ चा भाग होता? सापेक्षतेचा जोर पहिल्या प्रश्नावर पडतो. तत्त्वज्ञ पटनमनं १९६७ मध्ये नेमका तोच युक्तिवाद केला. पण सगळे काळ सारखेच खरे मानूनही कुणी म्हणू शकतो की बैल त्यातल्या प्रत्येक काळी पूर्णपणे हजर आहे. केंब्रिजचे मेलर याच मताचे होते. ठोकळा मान्य करा, तरी ठोकळ्यात वस्तू कशी बसते हे ठरायचं राहतंच.

आता ताईंचा दुसरा पक्ष, म्हणजे चार मितींवाले. वर्धा रोड घ्या. अजनीच्या पुढे तो मेट्रोच्या दुमजली पुलाखालून जातो, शहराबाहेर तोच रोड उघड्या आभाळाखाली आहे. एकच रोड झाकलेलाही आणि उघडाही कसा, हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण झाकलेला तुकडा वेगळा आणि उघडा तुकडा वेगळा. चार मितींवाले म्हणतात की काळातही असंच आहे. ताई, तुमचा बैल कधी रंगवला होता का?

महालातली

हो सर. आधी तो लाल होता. १९८९ ला पाय बदलले तेव्हापासून पांढरा.

जुना प्राध्यापक

मग बघा. बैल लाल आहे आणि बैल पांढरा आहे, दोन्ही खरं. लाल असणं आणि पांढरं असणं एकाच वस्तूला जमत नाही. डेव्हिड लुईसनं १९८६ मध्ये हीच अडचण पुढे ठेवली, फक्त त्याचं उदाहरण आकाराचं होतं, बसलेला माणूस वाकडा आणि उभा माणूस सरळ. त्याचं उत्तर असं की लालपणा बैलाच्या १९७० च्या भागाचा, पांढरेपणा २०१० च्या भागाचा. बैल म्हणजे अशा सगळ्या भागांची मिळून झालेली लांबी. मी त्या भागांना "टप्पे" म्हणतो आणि सगळ्या टप्प्यांच्या लांबीला "पट्टा". इंग्रजीत तिला गांडूळ म्हणण्याची पद्धत आहे, पण मराठीत वेगळंच चित्र डोळ्यांपुढे येतं.

चितारओळीतला

सर, मी मूर्ती करतो, पुस्तकं फारशी वाचलेली नाहीत. पण रोडचं उदाहरण मला पटलं नाही. रोड इथं झाकलेला आणि तिथं उघडा, याला आपण रोड *बदलला* म्हणत नाही. तो तसाच पडून आहे. बैल लालचा पांढरा झाला, याला मात्र बदलला म्हणतो. तुमच्या हिशेबात लाल टप्पा कायम लाल, पांढरा टप्पा कायम पांढरा. मग बदललं कोण? मी माती मळतो तेव्हा हातातल्या *त्याच* गोळ्याला सोंड फुटते. एक गोळा गेला आणि सोंडवाला दुसरा आला, असं हाताला कधी जाणवत नाही.

जुना प्राध्यापक

पुस्तक न वाचताही तुम्ही शंभर वर्षांपूर्वीच्या आक्षेपापाशी पोचलात. मॅकटॅगर्टनं तापलेल्या सळईबद्दल हेच म्हटलं होतं. ग्रीनिचचं रेखावृत्त एका जागी ब्रिटनमध्ये आणि दुसऱ्या जागी ब्रिटनबाहेर असतं, त्याला कुणी बदल म्हणत नाही, मग सळई एका वेळी गरम आणि दुसऱ्या वेळी गार असणं एवढ्यानंच बदल कसा होईल? आणि हाताला जाणवत नाही हा मुद्दा १९८३ मध्ये ज्युडिथ जार्विस थॉमसननं खडूवर मांडला. तासभर खडू हातात धरला तर या मताप्रमाणे तासभर हातात नवे नवे खडू-टप्पे शून्यातून येत राहतात. तिला हे वेडगळ वाटलं.

चार मितींवाल्यांचं उत्तर असं की टप्पे शून्यातून येत नाहीत, आधीचा टप्पा पुढच्याला घडवतो. बदल म्हणजे एकाच पट्ट्याचे टप्पे वेगवेगळे असणं, त्यापलीकडे बदलाला आणखी काही लागत नाही. तुम्हाला आणखी काही लागतं. मला ते लागत नाही, पण तुम्ही चूक आहात हे मी सिद्ध करू शकत नाही.

तीन मितींवाल्यांनाही लाल-पांढऱ्याचं उत्तर द्यावंच लागतं. ते बहुतेक असं देतात: बैल नुसता लाल कधीच नसतो, तो "१९७० मध्ये लाल" असतो. लुईसची तक्रार अशी की मग रंग हा बैलाचा स्वतःचा गुण राहत नाही, बैल आणि साल यांच्यातलं नातं होतो, जसं "धाकटा" हे नातं आहे. ज्यांना हे खटकतं ते वर्तमानच तेवढा खरा मानतात: बैल पांढरा *आहे*, लाल *होता*, आणि "होता" म्हणजे आता नाही. पण मग भौतिकवाल्यांच्या सापेक्षतेला तोंड द्यावं लागतं. फुकट कुठलंच मत मिळत नाही.

महालातली

सर, पट्टा कळला. पण माझे दोन बैल?

जुना प्राध्यापक

येतो त्याकडे. आधी पेच नीट मांडू. थिसिअसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तेव्हा काढलेल्या जुन्या फळ्या साठवून त्यांचं दुसरं जहाज बांधणारा माणूस हॉब्जनं १६५५ मध्ये मांडला, तुमचे काका म्हणजे हुबेहूब तोच. बाबांच्या बैलाला *बा* म्हणू, काकांच्या बैलाला *का*. १९५८ चा बैल अख्खा टिकत आला असेल, तर तो *बा* आहे किंवा *का* आहे किंवा दोन्ही नाही. दोन्ही असू शकत नाही, कारण मग *बा* आणि *का* एकच ठरतील, आणि ते तर अंगणात शेजारी शेजारी उभे आहेत. म्हणून तीन मितींच्या पक्षाला निवड करावीच लागते.

चार मितींच्या पक्षात काय होतं? बाबांचा पट्टा १९५८ पासून आजपर्यंत सलग आहे. त्याचं लाकूड टप्प्याटप्प्यानं बदलतं. काकांचा पट्टा आबाजींच्या लाकडाच्या मागोमाग जातो. १९५८ ते १९७४ या सोळा वर्षांत दोन्ही पट्ट्यांचे टप्पे तेच आहेत, पूर्णपणे सामाईक. १९७४ मध्ये पाट पेटीत जातो आणि पट्टे फाटायला लागतात. पण फाटणं सावकाश आहे. १९९० मध्ये काकांच्या पट्ट्याचं डोकं आणि धड अंगणात बाबांच्या बैलातच आहे, आणि पाय, पाट, चाकं पेटीत. २०११ मध्ये धड निघालं तेव्हा पट्टे पूर्ण वेगळे झाले. गेल्या वर्षी विखुरलेला पट्टा पुन्हा बैलाच्या आकारात आला.

यात विसंगती कुठेही नाही. दोन रस्ते काही अंतर एकाच डांबरावरून जाऊन मग वेगळे व्हावेत, तसं. कुणी विचारत नाही की पुढे त्यांतला *खरा* रस्ता कोणता.

महालातली

पण मी तेच विचारतेय ना सर. तुम्ही दोन्ही पट्टे आहेत म्हणालात. "आबाजींचा बैल" हे नाव त्यातल्या कुठल्या पट्ट्याचं?

जुना प्राध्यापक

आता तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. चार मितींचं मत हे सांगत नाही. याला मी त्याचा दोष मानत नाही, पण "आमच्याकडे पेच सुटतो" म्हणणारे हे सांगायचं विसरतात. ते मत एवढंच दाखवतं की दोन वस्तूंनी एक काळ एकत्र घालवणं अशक्य नाही. नाव कुणाला द्यायचं ते आपल्या भाषेनं ठरवायचं, आणि आपल्या भाषेनं "बैल" शब्द असा बारकाईनं आखलेला नाही.

शिवाय पट्टे दोनच नाहीत. १९७४ पर्यंतचा अख्खा बैल, मग मध्ये काहीच नाही, मग गेल्या वर्षीपासूनचा जोडलेला बैल, हाही एक पट्टा. दुरुस्तीला घड्याळ उघडून पुन्हा जोडलं तर आपण तसंच मोजतो. आणि या पक्षातले बरेच लोक कुठलेही टप्पे एकत्र धरायला तयार असतात: १९७० पर्यंतचा तुमचा बैल आणि त्यानंतरचा झिरो माइलचा खांब, हाही त्यांच्या मते एक पट्टा. आपल्याला त्याचा उपयोग नाही म्हणून त्याला नाव नाही, एवढंच.

चितारओळीतला

बैल आणि खांब मिळून एक वस्तू? सर, हे मला मान्य होणार नाही. वस्तू आपण नाव दिल्यानं होत नसते. ती आधी असते, नाव आपण नंतर देतो.

भौतिकवाला

सर, एक शंका. १९६० मध्ये अंगणात किती बैल होते? दोन पट्टे तर दोन बैल. पण तेव्हा मोजणाऱ्यानं एकच म्हटलं असतं.

जुना प्राध्यापक

छान प्रश्न. लुईसनं १९७६ मध्ये याचं उत्तर रस्त्यांवरूनच दिलं. तळ्यापर्यंत जाताना किती रस्ते ओलांडायचे असं कुणी विचारलं, आणि दोन रस्ते त्या जागी एकच डांबर असेल, तर आपण "एक" म्हणतो. म्हणजे मोजताना आपण "त्या जागी सामाईक आहे का" एवढंच बघतो. १९६० मध्येही तसंच मोजायचं.

काहींना हे ओढूनताणून आणलेलं वाटतं, कारण १९६० मध्ये "खरं तर" किती बैल होते हे काकांनी पुढे पेटी ठेवली की नाही यावर अवलंबून राहतं. म्हणून सायडर आणि हॉली यांनी २००१ मध्ये वेगळी वाट मांडली: "बैल" हे पट्ट्याचं नावच नाही, ते टप्प्याचं आहे. १९६० मध्ये एक टप्पा, म्हणून एक बैल. आज दोन टप्पे, म्हणून दोन बैल. "हा बैल १९६० मध्ये लाल होता" याचा अर्थ असा की या टप्प्याचा १९६० मधला एक जोडीदार टप्पा लाल आहे. मोजणी सोपी होते. पण मग तुम्ही वाक्य सुरू केलंत तो टप्पा आणि संपवलंत तो टप्पा वेगळा.

काटोलचा बागायतदार

राम राम. माह्या बागेत हाच प्रकार हाये म्हणून लिहून राहिलो. संत्र्याचं झाड म्हणजे खाली जंबेरीचा खुंट अन् वर संत्र्याचा डोळा बांधलेला. एक झाड डिंक्यानं वरून वाळलं. मी तोडून टाकलं, बुड ठेवलं. पुढच्या साली बुडातून फुटवा आला, लय जोमात वाढला, आज दोन पुरुष उंच हाये. पण फळ जंबेरीचं, आंबट ढाण, पानं बी तशीच. पोरगा म्हणते, बाबा झाड तेच हाये, मुळं तीच, जागा तीच, एक दिवस बी मेलं नाही. मी म्हणतो, संत्र्याचं झाड मेलं, हे दुसरं हाये. बँकेच्या कागदावर बी मी एक झाड कमी लिहिलं. आता सांगा सर, मी चुकलो का पोरगा?

जुना प्राध्यापक

भाऊ, तुमचं उदाहरण बैलापेक्षाही चांगलं आहे. कारण इथे लाकूड बदललं नाही, *जात* बदलली. तीन मितींचे बरेच लोक, उदाहरणार्थ विगिन्स, म्हणतात की "तेच का" असं मोघम विचारायचंच नाही, "तेच *काय*" ते विचारायचं. तेच संत्र्याचं झाड? नाही, ते मेलं. तोच जंबेरीचा खुंट? हो, तो जगला. त्यांच्या मते तुमच्या वाफ्यात आधीपासून दोन गोष्टी होत्या, एक गेली, एक राहिली. तुम्ही आणि मुलगा दोघंही बरोबर, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. हे त्या पक्षाचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर आहे.

काटोलचा बागायतदार

म्हंजे बँकेत लिहिलेलं बरोबर. बरं झालं.

चितारओळीतला

आता माझाही एक प्रश्न, तो माझ्या रोजच्या कामातला आहे. पाच किलो शाडू घेतला, त्याची मूर्ती केली. मूर्तीही पाच किलो. सर झाडाबद्दल म्हणाले तसं धरलं तर माती एक गोष्ट आणि मूर्ती दुसरी, कारण विसर्जनात मूर्ती जाते आणि माती बादलीत राहते. मी ती पुढच्या साली पुन्हा मळतो. पण मग काट्यावर ठेवल्यावर दहा किलो का भरत नाही?

दीपशिखा

दादांचा हा प्रश्न मला फार आवडला. माझ्या समजुतीप्रमाणे चार मितींच्या पक्षाची खरी ताकद इथेच दिसते. मातीचा पट्टा लांब आहे: खाणीपासून, तुमच्या कोठीतून, बादलीपर्यंत आणि पुढेही. मूर्ती म्हणजे त्याच पट्ट्याचा मधला तुकडा. वर्धा रोडचा अजनीतला तुकडा वर्धा रोडहून वेगळा आहे, पण म्हणून तिथे डांबर दुप्पट लागत नाही. काट्यावर एकच टप्पा आहे, दोघांचाही. म्हणून पाच किलो. सर, बरोबर आहे ना?

जुना प्राध्यापक

अगदी बरोबर. तीन मितींवाल्यांना इथे सांगावं लागतं की दोन वस्तू एकाच जागी आहेत आणि वजन मात्र एकदाच धरायचं, कारण दोन्ही त्याच कणांच्या बनल्या आहेत. सांगता येतं, पण कष्टानं.

एक गोष्ट मात्र सोडू नका. समजा मातीचा तो गोळाच मूर्ती होताना पहिल्यांदा तयार झाला आणि मूर्तीबरोबरच नष्ट झाला. तेव्हा दोन्ही पट्टे सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच. गिबर्डनं १९७५ मध्ये असं उदाहरण रचलं. चार मितींच्या पक्षाला मग म्हणावं लागतं की माती आणि मूर्ती एकच. पण तुम्ही ओली मूर्ती दाबून चपटी केली *असती* तर माती टिकली असती, मूर्ती टिकली नसती. एकाच वस्तूबद्दल दोन्ही खरं कसं? त्यांचं उत्तर: "टिकली असती" हा शब्द आपण तिला माती म्हणतोय की मूर्ती म्हणतोय त्यानुसार अर्थ बदलतो. हे उत्तर मी वर्गात अनेकदा दिलं आहे. प्रत्येक वेळी कुणीतरी विद्यार्थी ते न पटल्यासारखा बघायचा, आणि मला त्याच्यावर रागावता आलं नाही.

दीपशिखा

मी पालीची विद्यार्थिनी आहे. दीक्षाभूमीच्या शेजारीच वाढले, त्यामुळे मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन लहानपणापासून ऐकलेले. राजा विचारतो, जन्मणारा तोच की दुसरा? नागसेन दिव्याचा दाखला देतात: पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत तीच का? नाही. मग वेगळा दिवा होता का? तेही नाही, त्याच दिव्याच्या आधारानं रात्रभर उजेड होता. "तोही नाही, दुसराही नाही." आमच्यात हे चार मितींचं मत दोन हजार वर्षांपासून आहे असं म्हणता येईल का?

जुना प्राध्यापक

जवळ आहे, पण तेच नाही. लुईससाठी पट्टा ही खरीखुरी वस्तू आहे. बौद्ध क्षणिकवादात, विशेषतः धर्मकीर्ती आणि अकराव्या शतकातले रत्नकीर्ती यांच्याकडे, क्षण तेवढे खरे, त्यांची "संतती" म्हणजे सोयीनं दिलेलं नाव. त्यामुळे नागसेन सायडरच्या टप्प्यांच्या जास्त जवळ बसतील. आणि क्षणिकवादाचं कारणही वेगळं आहे: जे कार्य करतं तेच खरं, आणि न बदलणारी वस्तू कार्य आत्ताच का करते, आधी का नाही, याचं उत्तर देता येत नाही. रंगाची अडचण हा त्यांचा मूळ मुद्दा नाही.

न्यायदर्शनवाले त्यांच्याविरुद्ध होते, उदयनांनी जोरदार खंडन केलं. त्यांचा आधार आपली ओळख: "हा तोच" असं आपण म्हणतो. पण न्याय-वैशेषिकांना तीन मितींच्या पक्षात बसवून मोकळं होऊ नका. त्यांच्या मते कापडाचा एक धागा जरी निघाला तरी जुनं कापड नष्ट होतं आणि नवं "खंडपट" तयार होतं. त्यांच्या हिशेबात ताईंचा बैल १९७४ मध्येच संपला, आणि २०११ पर्यंत आणखी तीन बैल संपले.

दीपशिखा

मग बाबांचा बैल आज पाचवा आहे! आणि काकांचा?

जुना प्राध्यापक

तोही नवा. अवयव जुने, अवयवी म्हणजे अख्खा बैल नवा.

महालातली

म्हणजे न्यायाप्रमाणे आबाजींचा बैल आज कुठेच नाही. हे वाचून मला अनपेक्षित वाईट वाटलं. काकांना हे मी सांगणार नाही.

भौतिकवाला

सर, माझं पहिलं लिहिणं घाईचं होतं, हे मान्य. पण अजून एक. १९७४ च्या त्या पावसात बैल नागनदीत वाहून गेला असता तर? आपण म्हणतो, "तो बैल तेव्हाच संपला असता." *हाच* बैल. पण पट्टा तर पासष्ट वर्षं लांब आहे. सोळा वर्षांचा पट्टा हा वेगळाच पट्टा नाही का?

जुना प्राध्यापक

व्हॅन इनवॅगननं १९९० मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. लांबी हा पट्ट्याचा प्राणच असेल, तर तो कमी लांब असूच शकला नसता. उत्तर असं देतात की "वाहून गेला असता" म्हणजे या पट्ट्यासारखा, पण आखूड, असा एक पट्टा शक्य होता. मला हे उत्तर चालतं. चितारओळीतल्यांना चालणार नाही, याची मला खात्री आहे.

चितारओळीतला

नाही चालणार सर. ताईंना वाईट वाटलं ते त्या बैलाबद्दल. त्याच्यासारख्या दुसऱ्या कशाबद्दल नाही.

धंतोलीचा वकील

सगळं वाचलं. मी प्रश्नच वेगळा समजलो होतो, क्षमस्व. पण एक विचारतो. पुढच्या वर्षी दोन्ही बैल स्पर्धेत उतरवणार असाल तर अर्जात "बैल किती साली तयार केला" हा रकाना असतो. तिथे काय लिहाल?

महालातली

काल रात्री बाबा आणि काका दोघांना हा धागा वाचून दाखवला. सोळा वर्षं दोन्ही बैल एकच होते, हे काकांना फार आवडलं. बाबांना रस्त्याचं उदाहरण पटलं नाही, त्यांचं मत चितारओळीतल्या दादांसारखंच आहे.

रकान्याबद्दल दोघांचं एकमत झालं. दोन्ही अर्जांवर १९५८. परीक्षकांनी विचारलं तर काका १९७४ चा तडकलेला पाट दाखवणार, आणि बाबा मला पुढे करणार, कारण १९८९ मध्ये बैलाला पांढरा रंग मी दिला होता.

सर, एक राहिलंच. काकांच्या बैलाच्या पायांना अजून जुना लाल रंग आहे, आणि धडाला माझा पांढरा. त्याला एकाच रंगात रंगवावं की तसंच ठेवावं, यावर घरात अजून बोलणं चालू आहे.